सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि अरिष्टाच्या आम्लतेचे मापन

आसव-अरिष्टे तयार करणाऱ्या औषधनिर्माणशाळेत गाळून ठेवलेल्या कल्पाची एकूण आम्लता ठरावीक कालांतराने मोजली जाते. संधान योग्य स्थितीत थांबले आहे की कल्पास शुक्तत्व येऊ लागले आहे, हे त्या आकड्यावरून ताडता येते. पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. मोजून घेतलेले अरिष्ट उकळून थंड केलेल्या पाण्याने विरल करावयाचे, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकावयाचे आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडावयाचे. रंग गडद असेल तर दर्शकाऐवजी पीएच मीटर वापरून ८.२ हा अंक येईपर्यंत द्रावण सोडावयाचे. महिन्यागणिक आम्लता किंचित वाढताना दिसली की संशयाची सुई साहजिकच कल्पाकडे वळते. परंतु त्याच काळात बाटलीतील सोडियम हायड्रॉक्साइडही बदललेले असू शकते, आणि तसे असेल तर वाढ अरिष्टात झालेली नसून केवळ वाचनात झालेली असते. हा बदल कसा घडतो व तो कसा ओळखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हवेत आजमितीस सुमारे ०.०४२ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. शुद्ध पाणी हवेत उघडे ठेवले तर त्यात हा वायू अत्यल्प प्रमाणात विरघळतो आणि लवकरच समतोल साधला जाऊन शोषण थांबते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मात्र विरघळलेला वायू विरघळलेल्या रूपात शिल्लकच राहात नाही. हायड्रॉक्साइड त्यास क्षणार्धात बांधून घेते व त्याचे कार्बोनेट होते:

2NaOH + CO2 → Na2CO3 + H2O

वायू असा सतत खर्ची पडत असल्यामुळे समतोल कधीच येत नाही. हायड्रॉक्साइड शिल्लक आहे तोपर्यंत शोषण चालूच राहते. मग ते इतके मंद का? रासायनिक क्रिया मंद आहे असे पुष्कळदा समजले जाते, पण ते बरोबर नाही. मंद असते ते वायूचे पृष्ठभागापर्यंत येणे. हवेत तो मुळात थोडा, आणि स्थिर हवेतून बाटलीच्या अरुंद मानेतून तो हळूहळूच खाली उतरतो.

अर्धी रिकामी झालेली एक लिटरची बाटली घेतली तर तिच्यातील ५०० मिलिलिटर हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.२ मिलिलिटर असतो. एकदा बाटली उघडून बंद केल्याने फारसे काही बिघडत नाही, हे यावरून दिसेल. बिघाड करते ते सैल बूच. रात्रभर ब्युरेटमध्ये राहिलेले द्रावण दुसऱ्या दिवशी बाटलीत परत ओतणे किंवा द्रावण उघड्या चंचुपात्रात ठेवून दिवसभर वापरणे हेही तितकेच घातक. पसरट पात्रात पृष्ठभाग मोठा व हवेचा वावर मोकळा असल्यामुळे शोषण कितीतरी पटींनी वाढते.

आता त्रुटी नेमकी कशी निर्माण होते ते पाहू. कार्बोनेट हाही क्षारच आहे, मग त्याने आम्लाचे उदासिनीकरण व्हायला हवे, असा प्रश्न येथे पडतो. ते होतेही, पण किती होते हे दर्शकावर अवलंबून असते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू दोन हायड्रॉक्साइड खर्च करून एक कार्बोनेट बनवतो. हे कार्बोनेट दोन पायऱ्यांनी आम्ल घेते: पहिल्या पायरीत त्याचे बायकार्बोनेट होते व दुसरीत कार्बन डायऑक्साइड सुटतो. फिनॉल्फ्थॅलीनचा रंगबदल पीएच ८.३ च्या आसपास, म्हणजे बायकार्बोनेटच्या पायरीवर होतो. मिथिल ऑरेंजचा बदल पीएच ४ च्या सुमारास, म्हणजे दोन्ही पायऱ्या पूर्ण झाल्यावर होतो. म्हणून मिथिल ऑरेंजच्या हिशेबात गमावलेले दोन्ही हायड्रॉक्साइड परत मिळतात, तर फिनॉल्फ्थॅलीनच्या हिशेबात एकच मिळतो. अरिष्टातील ॲसेटिक व इतर सेंद्रिय आम्ले दुर्बल असल्यामुळे त्यांच्यासाठी मिथिल ऑरेंज चालत नाही. फिनॉल्फ्थॅलीन किंवा पीएच ८.२ ची खूण वापरावीच लागते, आणि तेथेच हे नुकसान उघडे पडते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एक लिटर ०.१ नॉर्मल द्रावणात १०० मिलिइक्विव्हॅलंट हायड्रॉक्साइड असते. दोन महिन्यांत त्याने २ मिलिमोल, म्हणजे ८८ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड शोषला असे धरू. सुमारे ११५ ते १२० लिटर हवेत तो इतका असतो, तेव्हा सैल बुचाच्या बाटलीस हे अशक्य नाही. यात ४ मिलिइक्विव्हॅलंट हायड्रॉक्साइड खर्च होऊन ९६ उरले व २ मिलिमोल कार्बोनेट तयार झाले. मिथिल ऑरेंज वापरल्यास ९६ अधिक ४ असे पूर्ण १०० भरतात, म्हणजे द्रावण अजूनही ०.१ नॉर्मलच दिसते. फिनॉल्फ्थॅलीनच्या हिशेबात ९६ अधिक २ असे ९८ च भरतात. प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने द्रावण ०.०९८ नॉर्मल झाले.

आता ज्याच्या १० मिलिलिटरमध्ये नेमके १ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल आहे असे अरिष्ट घ्या. ताज्या द्रावणाचे १०.०० मिलिलिटर लागतील. एक मिलिइक्विव्हॅलंट ॲसेटिक आम्ल म्हणजे ६० मिलिग्रॅम, म्हणून आम्लता ०.६०० टक्के येईल. महिनाभराने द्रावण ०.०९९ झाले असता १०.१० मिलिलिटर लागतील आणि दोन महिन्यांनी १०.२०. हिशेबात ०.१ हाच अंक धरत राहिल्यास नोंदवहीत ०.६००, ०.६०६ व ०.६१२ अशी चढती ओळ उमटेल. आम्लाचा एक कणही वाढलेला नसताना अरिष्ट आंबत चालल्याचा भास होईल. फरक दोन टक्क्यांचाच आहे हे खरे. एकेकट्या तपासणीत तो दुर्लक्षून चालेलही. परंतु दर महिन्याचे आकडे शेजारी ठेवून कल झुकतो कोठे हे पाहावयाचे असते तेव्हा, किंवा घाणा मर्यादेच्या काठावर असतो तेव्हा, तो स्वीकारायचा की नाकारायचा हे इतक्याशा फरकावर ठरते. (नुकत्याच गाळलेल्या अरिष्टात संधानाचा स्वतःचा कार्बन डायऑक्साइड असतो व तोही सोडियम हायड्रॉक्साइड खातो. ही त्रुटी निराळी असून नमुना सौम्य तापवून तो वायू आधी घालवल्यास ती टळते.)

अनेक ठिकाणी सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाणीकरण हायड्रोक्लोरिक आम्लाने, मिथिल ऑरेंज वापरून करतात. वरील गणित पाहता ही पद्धत या कामास कुचकामी आहे. नेमकी जी हानी आपल्याला बाधते तीच ती झाकून ठेवते.

क्षारकर्म करणाऱ्या वैद्यांस यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील क्षारपाकविधी अध्यायात वनस्पतींच्या राखेच्या पाण्यात भाजलेली चुनखडी, शंख आदी द्रव्ये मिसळून क्षार तीक्ष्ण करण्याचा विधी आहे, आणि सिद्ध क्षार तोंड बंद केलेल्या लोखंडी पात्रात ठेवण्यास सांगितले आहे. राखेतील क्षार मुख्यतः कार्बोनेट असतो व चुना त्यास हायड्रॉक्साइडमध्ये बदलतो. उघडा राहिला तर हवेतील वायू घेऊन तो पुन्हा कार्बोनेटकडे, म्हणजे मृदुत्वाकडे जातो. पात्राचे तोंड बंद ठेवण्याचे रासायनिक प्रयोजन आजच्या दृष्टीने हेच म्हणता येईल.

द्रावण बिघडले आहे की नाही हे दोन दर्शकांच्या अनुमापनाने कळते. त्याचे २५ मिलिलिटर शंकुपात्रात घेऊन फिनॉल्फ्थॅलीन टाकावे व ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून गुलाबी रंग जाताच वाचन घ्यावे. नंतर त्यातच मिथिल ऑरेंज टाकून पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत आम्ल सोडावे. आपल्या उदाहरणातील द्रावणास पहिल्या टप्प्यात २४.५० व दुसऱ्या टप्प्यात आणखी ०.५० मिलिलिटर आम्ल लागेल. हा दुसरा टप्पा म्हणजेच कार्बोनेट. मात्र कार्बोनेटविरहित द्रावणासही पीएच ८ वरून ४ वर उतरण्यास थोडे आम्ल लागतेच. ते एका दशांश मिलिलिटरच्या आत असते, म्हणून तेवढ्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. याहून झटपट खूण म्हणजे बेरियम क्लोराइड. परीक्षानळीतील द्रावणात त्याचे काही थेंब टाकताच पांढरा गढूळपणा आला आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तो बुडबुड्यांसह विरघळला तर कार्बोनेट आहे. विरघळला नाही तर तो बहुधा सल्फेटचा असतो. बेरियमचे विद्राव्य लवण विषारी आहे, ते हाताळताना काळजी घ्यावी. अनुमापनातच मिळणारी एक सूचनाही आहे: कार्बोनेट असलेल्या द्रावणाने अंतिम बिंदू ठसठशीत येत नाही, गुलाबी छटा येते, विरते, पुन्हा येते. मात्र चांगल्या द्रावणाचीही छटा शंकुपात्रावरील हवेमुळे काही वेळाने फिकी पडतेच, म्हणून सुमारे अर्धा मिनिट टिकणारी पहिली छटा हाच अंतिम बिंदू धरण्याचा प्रघात आहे.

द्रावण नव्याने करताना ४ ग्रॅम गोळ्या तोलून लिटरभर पाण्यात विरघळवणे पुरेसे नाही, कारण गोळ्यांवरच कार्बोनेटचा थर असतो व तोलताना त्या ओलावाही ओढतात. येथे एक सोयीचा गुण उपयोगी पडतो. सोडियम हायड्रॉक्साइडच्या ५० टक्के तीव्र द्रावणात सोडियम कार्बोनेट जवळजवळ विरघळत नाही. समभार गोळ्या व पाणी घेऊन, भांडे थंड पाण्यात ठेवून, गोळ्या थोड्या थोड्या टाकत विरघळवाव्यात. उष्णता बरीच निघते, म्हणून चष्मा व हातमोजे घालावेत. हे द्रावण घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत काही दिवस ठेवले की कार्बोनेट तळाशी बसते. वरचा निवळ भाग न ढवळता काढून त्याचे सुमारे ५.३ मिलिलिटर, उकळून झाकून थंड केलेल्या पाण्याने एक लिटर करावे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडला ही युक्ती लागू नाही, कारण पोटॅशियम कार्बोनेट त्याच्या तीव्र द्रावणातही विरघळलेले राहते.

असे द्रावण पॉलिथीनच्या बाटलीत, रबरी बुचातून सोडा लाइमची नळी बसवून ठेवावे. काचेचे बूच वापरू नये, ते चिकटून बसते. प्रमाणीकरणासाठी वाळवलेले पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट अचूक तोलून, अरिष्टासाठी जो दर्शक किंवा पीएचची खूण वापरावयाची तिनेच अनुमापन करावे. ५१०.५ मिलिग्रॅम थॅलेटास ताज्या द्रावणाचे २५.०० व वरील जुन्या द्रावणाचे २५.५१ मिलिलिटर लागतील. तोललेले मिलिग्रॅम भागिले २०४.२ गुणिले वाचन, या हिशेबाने जुन्याची नॉर्मॅलिटी ०.०९८० येते. ती धरून १०.२० मिलिलिटरचा हिशेब पुन्हा केला की आम्लता ०.६०० टक्केच निघते. म्हणजे थोडे कार्बोनेट असलेले द्रावणही, प्रमाणीकरण ताजे व खूण तीच असेल तर, चालवून घेता येते. पण ही भरपाई काटेकोर नसते. अनुमापनाच्या आरंभी पात्रातील द्रव आम्ल असताना कार्बोनेटातून सुटलेल्या वायूचा काही भाग, विशेषतः जोराने हलवल्यास किंवा द्रव कोमट असल्यास, उडून जातो, आणि तो किती उडाला हे दोन अनुमापनांत सारखे असेलच असे नाही. दोन दर्शकांच्या चाचणीत दुसरा टप्पा अर्ध्या मिलिलिटरवर जाऊ लागला की प्रमाणीकरणावर विसंबण्यापेक्षा ती बाटली साफसफाईच्या कामी लावून नवे द्रावण करणे स्वस्त पडते. बाटलीच्या चिठ्ठीवर द्रावण केल्याचा दिनांक आणि शेवटच्या प्रमाणीकरणाचा दिनांक असे दोन्ही, वापरलेल्या दर्शकाच्या नावासह, लिहावेत.