दुकान भाच्याला द्यावं की परक्याला?

बार्शीच्या बाजारपेठेत मी ४१ वर्षं किराणा दुकान चालवलं. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी सासरी. गल्ल्यावर बसायला दोघंही येणार नव्हते. गुडघे साथ देईनात तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, परक्याला कशाला? आपला पोरगा आहेच की." भाचा मेहनती होता, सुट्टीत दुकानात पुड्या बांधतच मोठा झालेला. मी होकार दिला आणि पाडव्याला पूजा करून किल्ली त्याच्या हातात ठेवली. कागद केला नाही. सोळा लाख, हप्त्याहप्त्याने, एवढंच तोंडी बोलणं.

चूक इथेच झाली, आणि ती माझी होती.

पहिले दोन हप्ते आले, मग थांबले. मी विचारलं तर भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही दिलं तेव्हा माल होताच कितीचा? निम्म्या उधाऱ्या तर बुडीतच निघाल्या." मला उत्तर देता येईना. मी माल मोजून दिलाच नव्हता. तो खोटं बोलत होता असं मी आजही म्हणणार नाही. मोजदाद नसली की दोघांनाही आपापला आकडा खरा वाटतो.

त्याहून मोठा घोर पुढे होता. जीएसटीची नोंदणी माझ्याच नावावर राहिली होती. ती माणसाच्या पॅनवर असते, दुकानाबरोबर आपोआप दुसऱ्याकडे जात नाही. भाचा माझ्याच क्रमांकावर माल आणत होता, पण विवरणपत्रं वेळेत भरत नव्हता. कर, व्याज आणि विलंब शुल्क यांची नोटीस माझ्या नावाने आली. घाऊक व्यापारीही माझ्याच दारात आले, कारण त्यांच्या वहीत नाव माझं होतं. फिक्स्ड डिपॉझिट मोडून मी ते सगळं भरलं. वर्षाच्या आत भाच्याने किल्ली परत आणून दिली, आणि त्या वर्षी बहीण भाऊबीजेला आली नाही.

मग वैरागकडचा एक तरुण दुकान विकत घ्यायला म्हणून आला. ओळख ना पाळख. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, सिटी सर्व्हेचा उतारा बघू? घरपट्टीची, लाइटबिलाची बाकी नाही ना?" मला तेव्हा राग आला होता. पुढे कळलं, हेच प्रश्न मी भाच्याला विचारायला लावायला हवे होते.

आम्ही दोन दिवस शटर अर्धं ओढून माल मोजला. प्रत्येक पोतं काट्यावर घेतलं. भाव खरेदीचा धरला, मुदत संपत आलेले बिस्किटांचे आणि मसाल्यांचे पुडे बाजूला काढले. बेरीज ४,३८,६०० रुपये झाली. माझा अंदाज सहा लाखांचा होता. उधारीच्या वहीत दोन लाख दहा हजार दिसत होते, त्यातले ऐंशी हजार वर्षाहून जुने. ते आम्ही शून्य धरले. उरलेली उधारी त्याने विकत घेतली नाही. वसुली माझी, पण तीन महिने तो काउंटरवर गिऱ्हाइकाला आठवण देईल, असं ठरलं आणि तसं लिहून घेतलं.

गाळ्याचा व्यवहार रजिस्टर करताना सीएंनी मला एक गोष्ट समजावली, ती नात्यात दुकान देणाऱ्यांनी नीट ऐकावी. माझ्या गाळ्याची रेडीरेकनर किंमत चोवीस लाख. भाच्याला मी तो सोळात दिला असता, तरी मुद्रांक शुल्क चोवीसवरच लागलं असतं आणि माझा भांडवली नफाही चोवीसच धरून मोजला गेला असता. करासाठी दहा टक्क्यांपर्यंतचाच फरक चालतो. म्हणजे हाती न आलेल्या पैशावर कर. त्यापेक्षा गाळा पुऱ्या भावाने विकावा आणि भाच्याला द्यायचे ते आठ लाख वेगळे, चेकने, भेट म्हणून द्यावेत. मामाकडून आलेल्या भेटीवर भाच्याला आयकर लागत नाही. माझा कर तेवढाच बसतो, पण विकलं किती आणि दिलं किती हे घरातल्या सगळ्यांना स्वच्छ दिसतं.

शेवटी मी दुकान त्या परक्या तरुणाला दिलं. त्याची स्वतःची जीएसटी नोंदणी आणि अन्न परवाना हातात येईपर्यंत मी विक्री थांबवली, मग माझी नोंदणी रद्द करायचा अर्ज केला. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरावं लागतं, तेही भरलं. त्या थांबलेल्या पंधरा दिवसांत काही गिऱ्हाइकं तुटली. ते मला सोसलं.

भाच्याला मी विक्रीतून दोन लाख चेकने दिले, बहिणीच्या समोर. हिशेबाची वही तिच्या हातात ठेवली. तिने ती शेवटच्या पानापर्यंत वाचली. तिला दुखावलं याची बोच मला अजून आहे, आणि भाचा नालायक होता असं कुणी म्हटलं तर मला चालत नाही.

तुम्ही दुकान भाच्याला, पुतण्याला देणार असाल तर जरूर द्या. पण आधी माल मोजा, उधारीची वही दोघांनी बसून वाचा, करार रजिस्टर करा, आणि त्याचा जीएसटी क्रमांक येईपर्यंत किल्ली आपल्याच खिशात ठेवा.