आठ वर्षांची पेन्शन: काढून घ्यावी की ठेवावी?

प्रश्न: मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत बरोबर आठ वर्षं नोकरी केली. वय ३६. सासूबाई अंथरुणाला खिळल्यामुळे नोकरी सोडली. पुढे पुन्हा नोकरी धरीन, पण कधी ते आज सांगता येत नाही. पीएफच्या पासबुकात तीन रकाने आहेत. त्यातल्या शेवटच्या, ‘पेन्शन’च्या रकान्यात १,२०,००० रुपये दिसतात. मैत्रिणी म्हणतात, काढून घे, नंतर सरकार काय करेल सांगता येत नाही. भाऊ म्हणतो, म्हातारपणी महिन्याला पैसे येतील, हात लावू नकोस. दोघांचं पटतं, म्हणून विचारते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, भाऊ आणि मैत्रिणी दोघंही त्या रकान्याकडे बँकेतल्या शिलकेसारखं बघत आहेत. तो रकाना शिल्लक नाही. तिथे फक्त जमा झालेला भरणा लिहिलेला असतो आणि त्यावर तुमच्या नावाने एक पैसाही व्याज चढत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

तुमच्या पगारातून १२ टक्के कापले जात होते, ते सगळे पहिल्या रकान्यात गेले. कंपनीही १२ टक्के भरत होती, पण त्यांचे दोन भाग होत होते. ८.३३ टक्के पेन्शन योजनेत आणि उरलेले पीएफमध्ये. ही पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची, म्हणून तिला ईपीएस ९५ म्हणतात. पेन्शनसाठी पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरतात, १ सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा आहे. तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता पुढे वाढला असेल, तरी पेन्शनचा भरणा महिन्याला १,२५० वरच थांबला. ९६ महिने गुणिले १,२५० म्हणजे १,२०,०००. तुमच्या पासबुकातला आकडा नेमका तोच.

आता आठ वर्षांनी काढायला गेलात तर किती मिळतील? योजनेत एक तक्ता आहे, त्याला ‘टेबल डी’ म्हणतात. नोकरी जितकी, त्यानुसार शेवटच्या पगाराला किती पटीने गुणायचं ते त्यात दिलंय. पूर्ण आठ वर्षांसाठी तो आकडा ८.२२ आहे. १५,००० ला गुणलं की १,२३,३०० रुपये येतात. आठ वर्षांत भरलेल्या १,२०,००० वर हातात पडणारी वाढ ३,३०० रुपये. लोक पीएफचे पैसे आणि हे पैसे एकच समजतात, पण पीएफच्या रकान्यांवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं. पेन्शनच्या रकान्याची जात वेगळी आहे.

भावाचं म्हणणंही आकड्यांत मांडू. पेन्शनचं सूत्र असं: पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, वर १५,००० ची मर्यादा. तुमच्या आठ वर्षांचा वाटा १५,००० गुणिले ८ भागिले ७०, म्हणजे महिन्याला १,७१४ रुपये. पण तो मिळतो ५८ व्या वर्षी, आणि एकूण नोकरी दहा वर्षं भरली तरच.

या दहा वर्षांच्या अटीवर माझ्यासमोर फार माणसं अडखळली आहेत. मी कामगारांचे पीएफचे कागद बरीच वर्षं बघतो आहे. एकदा एक लेथवर काम करणारे गृहस्थ आले. मुलीचं लग्न ठरलेलं, नोकरी सुटलेली, नऊ वर्षं सात महिने भरलेले. पेन्शनचे पैसे काढायचे आणि हॉलचं भाडं द्यायचं, असा त्यांचा हिशोब होता. त्यांचा अर्ज फेटाळला गेला आणि ते नियमाप्रमाणेच होतं. कारण सहा महिने किंवा त्याहून जास्त उरलेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. नऊ वर्षं सहा महिने झाले की नोकरी दहा वर्षांची समजतात, आणि दहा वर्षं झाल्यावर एकरकमी पैसे मिळत नाहीत, फक्त पेन्शन मिळते. त्यांचा जीव कासावीस झाला होता. कंपनीत कुणीतरी ही गोष्ट नऊ वर्षं पूर्ण होतानाच सांगितली असती तर त्यांनी लग्नाची तजवीज वेगळी केली असती.

तुम्ही त्या रेषेच्या अलीकडे आहात. म्हणून तुमच्यासमोर दोन वाटा आहेत आणि दोन्हीसाठी फॉर्म एकच, फॉर्म १० सी. पीएफसाठी फॉर्म १९ वेगळा असतो. पीएफ काढताना हात सरावाने पुढे जातो आणि १० सी सुद्धा भरला जातो, तसं करू नका. १० सी भरताना एक तर पैसे मागायचे, नाही तर ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागायचं. सर्टिफिकेटवर तुमच्या नोकरीचा काळ, पगार आणि घरच्यांची नावं येतात. पुढे पीएफ असलेली नोकरी धरली की ही आठ वर्षं तिच्यात मिळवली जातात. तुम्हाला तिथे अजून दीड वर्ष जरी भरलं, तरी एकूण नऊ वर्षं सहा महिने होतात आणि पेन्शनचा हक्क लागू होतो. नव्या नोकरीत लगेच जायचं असेल तर १० सी भरायचीही गरज नसते, त्याच यूएएनवर खातं हस्तांतरित केलं की नोकरीचा काळही सोबत जातो.

आता आकडा आकड्यासमोर ठेवू. पैसे काढून १,२३,३०० रुपये तुम्ही पीपीएफसारख्या ठिकाणी ठेवलेत आणि वर्षाला ७ टक्के पडले असं धरा. ५८ व्या वर्षापर्यंत बावीस वर्षं मिळतात, त्यात रक्कम साधारण ५,४६,००० होते. त्यावर ७ टक्क्यांनी नुसतं व्याज घेतलं तर महिन्याला ३,१८० च्या पुढे येतं आणि मुद्दल शाबूत राहतं. समोर १,७१४ रुपये आहेत, त्यातही महागाईप्रमाणे वाढ नाही. तुमच्या वयाला भावाचा आकडा हरतो.

माझ्या ओळखीतल्या एक बाई ४९ व्या वर्षी आठ वर्षांची नोकरी करून बाहेर पडल्या. त्यांच्यासमोर हेच १,२३,३०० होते, पण वाढायला नऊच वर्षं. ५८ व्या वर्षी साधारण २,२६,७०० होतात आणि त्याचं महिन्याचं व्याज १,३२० च्या आसपास. त्यांना पेन्शनचे १,७१४ जास्त पडले. त्या दुसऱ्या कंपनीत दोन वर्षं जाणार होत्या, म्हणून सर्टिफिकेट घ्या असं मी सांगितलं. म्हणजे उत्तर वयाप्रमाणे बदलतं. माझ्या हिशोबात ते ४५ च्या आसपास वळतं. तुमच्याकडे ७ टक्क्यांपेक्षा जास्त देणारं सुरक्षित काही असेल तर वळण अजून पुढे सरकतं.

पण एक धोका मी तुमच्यापासून लपवणार नाही. सर्टिफिकेट घेतलंत आणि पुन्हा नोकरी केलीच नाहीत, तर ५८ व्या वर्षी काय हाती लागतं? दहा वर्षं न भरल्याने पेन्शन नाही. पुन्हा टेबल डी आणि तोच सोडतानाचा पगार, म्हणजे तेच १,२३,३०० रुपये, बावीस वर्षांनी. त्यावर व्याज नाही. सर्वांत वाईट परिणाम हाच, आणि तो भावाने सांगितलेल्या ‘हात लावू नकोस’ यातच दडलेला आहे.

पैसे काढण्याच्या बाजूलाही एक गोष्ट बघा. तुम्ही एकदा पैसे काढलेत आणि पुढे १५,००० हून जास्त पगारावर नोकरीला लागलात, तर पेन्शन योजनेत पुन्हा प्रवेश नाही. २०१४ पासून एवढ्या पगारावर नव्याने येणाऱ्याला ही योजना लागू होत नाही. मग कंपनीचा सगळा भरणा पीएफमध्ये जातो आणि त्यावर व्याज मिळतं. माझ्या मते तुमच्या वयाला हे तोट्याचं नाही. पण पेन्शनसोबत जे कौटुंबिक संरक्षण असतं ते जातं. सर्टिफिकेट हाती असताना ५८ च्या आत तुमच्या जिवाचं बरंवाईट झालं, तर नवऱ्याला किमान १,००० रुपये महिना आणि दोन मुलांना प्रत्येकी किमान २५० रुपये, मुलं २५ वर्षांची होईपर्यंत. मुलं लहान असतील आणि तुमचा दुसरा विमा नसेल, तर हा मुद्दा हलका समजू नका. १,२३,३०० ने एवढं लगेच उभं राहत नाही.

घाईचा मुद्दाही आहे. पूर्वी नोकरी सुटल्यावर दोन महिन्यांनी पैसे काढता येत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पेन्शनच्या रकमेसाठी ही मुदत ३६ महिने करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशी कोणती मुदत लागू आहे ते पीएफच्या संकेतस्थळावर बघूनच पुढे जा. मुदत तीन वर्षांची असेल तर तो वेळ वाया गेलेला नाही, सासूबाईंची तब्येत आणि तुमची नोकरी या दोन्हींचा अंदाज तोवर येतो.

तोपर्यंत दोन गोष्टी मात्र करून ठेवा. पासबुकासोबत तुमच्या यूएएन खात्यात ‘नोकरी सोडल्याची तारीख’ कंपनीने नोंदवली आहे का ते बघा, नोंद नसेल तर अर्ज तिथेच अडतो. आणि नाव, जन्मतारीख आधारशी अक्षरशः जुळतात का तपासा, ‘सौ.’ आणि माहेरच्या आडनावाच्या घोळात मी महिने गेलेले पाहिलेत.

माझं मत स्पष्ट सांगतो. नजीकच्या दोन-तीन वर्षांत पीएफ असलेली नोकरी धरणार असाल आणि विमा नसेल, तर सर्टिफिकेट घ्या. नोकरीचा भरवसा नसेल तर मुदत झाल्यावर पैसे काढा, पण खात्यात पडल्याच्या आठवड्यातच पीपीएफमध्ये टाका. हे पैसे घराच्या खर्चात मिसळले, तर वर मांडलेला ५,४६,००० चा हिशोब कागदावरच राहील. पीपीएफचं पासबुक भावाकडे ठेवायला दिलंत तर त्यालाही बरं वाटेल.