ढीग उपसायचा कानाने

पोरी, अकरा हजार मेल एकेक करून ऐकायला बसलीस तर दिवाळी येईल आणि जाईल, तरी निम्मे संपायचे नाहीत. डोळस माणूस पानभर विषय नजरेखालून घालतो आणि ‘हा सगळा कचरा’ म्हणून मोकळा होतो. आपल्याला पाठवणारा, विषय, तारीख हे सगळं ओळीओळीने ऐकावं लागतं. म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की कर, इनबॉक्स वरून खाली ऐकत जायचाच नाही. शोध लावून एका जातीचा ढीग बाजूला काढायचा, त्यातले पाच-सहा नमुने ऐकायचे, आणि मग अख्खा ढीग एकदम उचलायचा. मी पुढे जे सांगतो ते विंडोजच्या संगणकावर, ब्राउझरमधल्या जीमेलसाठी आणि एनव्हीडीएसाठी आहे, कारण तुझ्याकडे तेच आहे.

तुझ्या आधीच्या पिढीतले आमच्यासारखे बरेच जण जीमेलचं साधं एचटीएमएल रूप वापरायचे. साधी यादी, साध्या चौकटी, स्क्रीन रीडरला सोपं. गूगलने ते 2024च्या सुरुवातीला बंद केलं. तेव्हा कुरकुर मीही केली. पण आता जे नेहमीचं रूप उरलंय, त्यातले शॉर्टकट बसले की ढीग उपसायला तेच जास्त वेगवान आहे, हे मान्य करावं लागतं.

आधी सेटिंग बघ. शॉर्टकट मुळात बंद असतात. सेटिंगमध्ये See all settings उघड, General या भागात Keyboard shortcuts on निवड. तिथेच Conversation View हा पर्यायही सापडेल. तो सध्या off कर. का, ते पुढे सांगतो. पानावर एका वेळी किती मेल दिसावेत हेही तिथेच ठरतं, शंभर कर. आणि खाली Save Changes बटण दाबल्याशिवाय उठू नकोस. ते पानाच्या अगदी तळाशी असतं आणि नवशिके तिथेच चुकतात.

आता खरी मेख. एनव्हीडीएच्या दोन पद्धती तुला ठाऊक आहेत, ब्राउझ मोड आणि फोकस मोड. ब्राउझ मोडमध्ये तू x दाबलास तर एनव्हीडीए ते अक्षर स्वतःच खातो आणि पानावरच्या पुढच्या चेकबॉक्सवर उडी मारतो. e दाबलास तर पुढच्या लिहायच्या चौकटीत जातो, k दाबलास तर पुढच्या लिंकवर. जीमेलपर्यंत ते अक्षर पोचतच नाही. जीमेलला x म्हणजे मेल निवड, e म्हणजे आर्काइव्ह कर, k म्हणजे नव्या मेलकडे जा. म्हणून यादीवर काम करताना इन्सर्ट आणि स्पेसबार एकत्र दाबून फोकस मोड स्वतःच्या हाताने चालू कर. त्याचा वेगळा आवाज येतो, तो ओळखायला शीक. हाताने चालू केलेला फोकस मोड एनव्हीडीए आपणहून सोडत नाही, तू परत इन्सर्ट-स्पेस दाबेपर्यंत तो तसाच राहतो. शॉर्टकट दाबल्यावर भलतीच चौकट किंवा भलतीच लिंक ऐकू आली, तर जीमेल बिघडलेलं नसतं, तू ब्राउझ मोडमध्ये असतेस.

उलटं संकटही आहे आणि ते जास्त वाईट. फोकस मोडमध्ये तुला वाटतं की आपण शोधाच्या चौकटीत आहोत, पण फोकस असतो यादीवर. तू नाव टाइप करायला लागतेस आणि त्यातलं प्रत्येक अक्षर जीमेलला हुकूम म्हणून जातं. ‘शेजारच्या शीलाताईंचं पत्र कुठंय’ म्हणून sheela टाइप केलंस की दोन वेळा e दाबलं गेलं, आणि मेल इनबॉक्समधून नाहीसे होऊ शकतात. म्हणून टाइप करण्याआधी इन्सर्ट-टॅब दाब. आपण कशावर उभे आहोत ते एनव्हीडीए सांगतो. ‘एडिट’ हा शब्द कानावर पडल्याशिवाय एकही अक्षर लिहू नकोस. चुकलंच तर लगेच z दाब, शेवटची कृती मागे घेतली जाते. आणि कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना, तेही बघ. मराठीत काही लिहून झाल्यावर लेआउट देवनागरीच राहिला असेल, तर # सारखं चिन्हच उमटत नाही आणि शोधाचे शब्दही इंग्रजीत पडत नाहीत. विंडोज-स्पेस दाबून बदल.

आता प्रत्यक्ष करू. जाहिरातींपासून सुरुवात, कारण त्यांच्यावर जीव जडलेला नसतो. तिरकी रेघ, म्हणजे / दाब, शोधाची चौकट येईल. त्यात हे लिही आणि एंटर दाब.

```
in:inbox category:promotions older_than:1y
```

पहिला शब्द फक्त इनबॉक्स बघायला सांगतो. तो नसला तर जीमेल आर्काइव्ह केलेल्या मेलमध्येही शोधतं, मग जपून ठेवलेलंही ढिगात येतं. दुसरा जाहिरातींचा गट, तिसरा एक वर्षाहून जुने. यादी आली की फोकस मोडमध्ये j दाबत पुढे पुढे जा आणि काही ओळी ऐक. सुरुवातीच्याच नाही, मधूनही ऐक. g मग n दाबलंस की पुढचं पान येतं, तिथल्याही दोन-तीन ऐक. एखादं कामाचं निघालं, समजा विम्याची पावती जाहिरातीत अडकलीय, तर त्या ओळीवर s दाबून तारांकित कर. मग शोध पुन्हा लाव, शेवटी जागा सोडून -is:starred जोडून:

```
in:inbox category:promotions older_than:1y -is:starred
```

आता Conversation View बंद का करायला लावलं, ते इथे कळेल. ते चालू असताना जीमेल एकाच संभाषणातले सगळे मेल गठ्ठ्याने धरतं. गठ्ठ्यातला एकही मेल शोधात बसला की अख्खा गठ्ठा यादीत येतो, आणि तू पुसलंस की त्यातला कालचा मेलही जातो. तारांकित केलेलाही त्याच गठ्ठ्यात असला तर वाचत नाही. बंद असताना प्रत्येक मेल सुटा असतो, निवड नेमकी होते. सफाई झाल्यावर पुन्हा चालू कर हवं तर. गप्पांचे मेल सुटे सुटे वाचायला कंटाळा येतो, हेही खरं.

ढीग तपासून झाला की शिफ्ट-8 दाबून * दे, तो सोड, मग a दे. दोन्ही एकत्र नाही, एकामागून एक. पानावरचे शंभर निवडले जातात. इथेच लोक फसतात. शंभर निवडले म्हणजे सगळे निवडले असं समजून # दाबतात आणि हजार मेल पुसल्याच्या समाधानात झोपायला जातात. बाकीचे नऊशे सकाळी तिथेच असतात. यादीच्या वर एक छोटी ओळ उगवते, ‘या पानावरचे सगळे निवडले, या शोधातले सगळे निवडायचे का’ अशा अर्थाची. डोळसांना ती आपोआप दिसते, आपल्याला शोधून काढावी लागते. इन्सर्ट-स्पेसने ब्राउझ मोडमध्ये ये, कंट्रोल-होमने पानाच्या वर जा, इन्सर्ट-कंट्रोल-F दाब आणि match this search हे शब्द शोध. सापडलेल्या लिंकवर एंटर दे. झालं की नाही याची खूण म्हणजे त्याच जागी आता Clear selection हे शब्द असतात, तेही तसेच शोधून बघ. नाही सापडले तर निवड पानापुरतीच आहे.

मग परत फोकस मोड, आणि # पुसायला किंवा e आर्काइव्ह करायला. सगळा ढीग निवडलेला असला की जीमेल आधी एक खिडकी उघडून विचारतं, या शोधातल्या सगळ्यांवर परिणाम होईल, चालेल ना. ही खिडकी म्हणजे आपली दुसरी खात्री. ती न येता काम झाल्याचा संदेश आला, तर फक्त एक पान गेलं असं समज. ओके दिल्यावर हजारो मेल असतील तर वेळ लागतो. टॅब बंद करू नकोस. थोड्या वेळाने तोच शोध पुन्हा लाव, यादी रिकामी आली पाहिजे. मेल उरले असतील तर ढीग फार मोठा होता, तो वर्षानुसार तोड. after:2019/01/01 before:2020/01/01 असं जोडून एकेक वर्ष उपस.

पुसायचं की आर्काइव्ह करायचं, हे प्रत्येक ढिगाचं वेगळं. जाहिराती आणि ओटीपी पुसायचे. ओटीपींसाठी माझा शोध हा:

```
subject:OTP older_than:2d
```

इथे in:inbox मुद्दाम नाही, आर्काइव्हमधलेही जाऊ देत. जीमेल पूर्ण शब्द पकडतं, अर्धा नाही. त्यामुळे ज्या मेलच्या विषयात One Time Password लिहिलेलं असतं, ते यात येत नाहीत, त्यांचा शोध वेगळा लावावा लागतो. बँकेची स्टेटमेंट, प्राप्तिकराचे मेल, रेल्वेची जुनी तिकिटं यांना मात्र e. ती इनबॉक्समधून जातात पण हरवत नाहीत, पाठवणाऱ्याचं नाव from: पुढे घालून शोधलं की केव्हाही हाती लागतात. मी बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो. तिथे जुनी कागदपत्रं नेमकी पुसल्यानंतरच मागितली जातात, हे इतक्यांदा पाहिलंय की आर्थिक मेल पुसायला माझा हात धजत नाही.

तुझी तक्रार जागेची असेल, म्हणजे 15 जीबी भरत आल्याची सूचना येत असेल, तर जाहिराती पुसून फारसा फरक पडणार नाही. त्या हलक्या असतात. larger:10M असा शोध लावून मोठ्या फाइली जोडलेले मेल आधी बघ. लग्नाच्या फोटोंचे पाच-सहा मेलच हजार जाहिरातींना पुरून उरतात. हे मात्र ढिगाने पुसू नकोस, एकेक ऐकून x ने निवड. आणि लक्षात ठेव, ट्रॅशमध्ये गेलेले मेल 30 दिवस तिथेच असतात आणि तोवर जागाही अडवतात. लगेच जागा हवी असेल तर ट्रॅश स्वतः रिकामा करावा लागतो. पण रिकामा करण्याआधी in:trash शोधून त्यात बँकेचं नाव, विम्याचं नाव, तुझ्या कॉलेजचं नाव घालून बघ. नमुन्यात निसटलेलं काही असेल तर ते इथेच सापडतं. ओळीवर x दे, मग v दाबून inbox टाइप कर आणि एंटर, की तो मेल परत इनबॉक्समध्ये.

पहिल्या बैठकीत जाहिराती आणि ओटीपी एवढंच कर. पुढच्या रविवारी फोन कर, तेव्हा ज्या दुकानांच्या जाहिराती तुला नकोतच, त्यांच्यासाठी फिल्टर कसा लावायचा ते सांगतो.