मोटारीची बैठक : आधी पाय, मग लेसर

पंपाला जोडावयाची मोटार पायावर बसविली, चारही बोल्ट आवळले व लेसर यंत्राने अक्षजुळणी घेतली. तरीही प्रत्येक वेळी मापन निराळेच येते, असा अनुभव पंपगृहातील कर्मचाऱ्यांस अनेकदा येतो. अशा वेळी दोष बहुधा यंत्रात नसून मोटारीच्या पायांत असतो. चार पायांपैकी एखादा बैठकीस पुरता टेकत नसेल, तर बोल्ट आवळताना मोटारीचे कवच पिळले जाते, बेअरिंगे सरकतात आणि अक्षही हलतो. यालाच 'सॉफ्ट फूट' म्हणतात. म्हणून अक्षजुळणीपूर्वी हा दोष दूर करणे अगत्याचे आहे.

प्रथम वीजपुरवठा तोडून स्विचला कुलूप लावावे. बैठकीवरील गंज, रंग व खरबरीतपणा काढून टाकावा. चारही बोल्ट आवळून, चुंबकी आधारावरील डायल गेजचा काटा एका पायावर टेकवावा व केवळ त्याच पायाचा बोल्ट सैल करावा. पाय ०.०५ मिलिमीटरहून अधिक उचलला गेल्यास दोष समजावा. बोल्ट पुन्हा आवळूनच पुढील पायाकडे वळावे.

समजा, पहिला पाय ०.३० व त्याच्या कर्णावरील तिसरा ०.२६ मिलिमीटर उचलला गेला. उरलेले दोन जवळजवळ स्थिर राहिले. याचा अर्थ, मोटार दुसऱ्या व चौथ्या पायावर डुगडुगत आहे. येथे दोन्ही पायांखाली पत्र्या भरण्याचा मोह होतो. परंतु तसे केल्यास उरलेले दोन पाय अधांतरी होतात. पहिल्या पायाखालीच ०.२५ मिलिमीटरची पत्री घालून चारही पाय पुन्हा मोजावेत. फीलर गेज पायाच्या एकाच कोपऱ्यात शिरत असेल, तर पाय तिरपा आहे. तेथे सपाट पत्री उपयोगी पडत नाही, पायऱ्यांची पत्री किंवा यंत्रावर पृष्ठभाग सपाट करणे हाच उपाय होय.

आता लेसरचा एक भाग पंपाच्या व दुसरा मोटारीच्या अक्षावर बसवावा आणि दोन्ही अक्ष एकत्र फिरवून मापने घ्यावीत. मोटारीचा अक्ष कपलिंगपाशी ०.१० मिलिमीटर खाली आहे आणि मागे दर १०० मिलिमीटरला आणखी ०.०५ मिलिमीटरने उतरतो, असे आढळले. पुढील पाय कपलिंगपासून २०० व मागील ६०० मिलिमीटरवर असल्यास, पुढे ०.२० व मागे ०.४० मिलिमीटर पत्र्या हव्यात. प्रत्येक जोडीच्या दोन्ही पायांखाली सारखीच जाडी वाढवावी. पूर्वी घातलेली पत्री काढू नये. उंची साधल्यावर मोटार बाजूंनी सरकवावी.

शेवटी बोल्ट पूर्ण आवळून पुन्हा मापन घ्यावे. ते दोनदा सारखेच आले, तरच बैठक पक्की झाली असे समजावे.