नावातील भेद आणि अडलेली रक्कम

भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्ज पुष्कळदा एवढ्याच कारणाने परत येतो की, निधीच्या नोंदीतील व बँकखात्यावरील नावे जुळत नाहीत. विवाहापूर्वी नोकरीस लागलेल्या स्त्रीचे निधीतील नाव माहेरचे असते. आधारपत्र व बँकखाते मात्र सासरच्या नावाचे. रक्कम बुडालेली नसते, ती निधीतच राहते. अशा वेळी बँकेतील नाव बदलण्याची घाई व्यर्थ होय. आधारवरील नाव प्रमाण मानून निधीची नोंद दुरुस्त करावी. सार्वत्रिक खाते क्रमांक १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारच्या पडताळणीने मिळालेला असल्यास, २०२५ च्या नियमाने सदस्यास हे स्वतः करता येते; जुन्या क्रमांकासाठी नियोक्त्यामार्फत संयुक्त घोषणापत्र द्यावे लागते. त्यानंतर बँकखात्याची जोडणी पडताळून मगच नवा अर्ज करावा.