वहीतला दुसरा रकाना

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात, खूर आणि चाल बघून अचूक किंमत सांगणारी माणसं आमच्या शहादा तालुक्यात पुष्कळ आहेत. माझा एक मित्र त्यांतलाच. नोकरीनिमित्त मुंबईला गेला आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाऊ लागला. तिथले घोडे थरोब्रेड, आपल्याकडचे मारवाडी आणि काठेवाडी. तरी त्याला स्वतःच्या नजरेवर भरवसा होता. एका हंगामात त्याने सारख्या रकमेच्या तिसेक बाज्या लावल्या आणि दहा बाज्यांइतका निव्वळ नफा मिळवला. मग गावाकडची जमीन विकून यातच उतरायचं बोलू लागला.

"भाऊ, नफा खोटा आहे का?" असं त्याने मला विचारलं. नफा खराच होता. पण तो बहुतेक शंभराला चारशेच्या आसपास भाव असलेल्या घोड्यांवर खेळत होता. असे घोडे पाचात एखादाच जिंकतात. अशा तीस बाज्यांत नुसत्या नशिबाने दहा-अकरा बाज्यांइतकी वरखाली सहज होते. म्हणजे भाव अगदी न्याय्य असते आणि कौशल्य शून्य असतं, तरी चार-पाच जणांतल्या एकाला एवढा नफा झालाच असता. तीन-चार टक्क्यांचं खरं कौशल्य निकालांवरून ओळखायचं, तर अशा हजारो बाज्या लागतात. तेवढ्या लावायला आयुष्य पुरत नाही.

म्हणून मी त्याला वहीत दुसरा रकाना आखायला लावला. पहिल्यात आपण घेतलेला भाव, दुसऱ्यात शर्यत सुटतानाचा शेवटचा भाव. गेट उघडेपर्यंत तबेल्यातली बातमी, जाणत्यांचा पैसा, पॅडॉकमधली घोड्याची चाल हे सगळं भावात उतरत जातं, त्यामुळे शेवटचा भाव हा त्या घोड्याच्या संधीचा सगळ्यात जाणता अंदाज असतो. नंदुरबारच्या मिरची बाजारात ज्याने सकाळी घेतलेला माल संध्याकाळी महाग झालेला असतो, आणि हे वारंवार होतं, त्याची पारख खरी. इथेही तसंच. घोडा जिंको वा हरो, प्रत्येक बाजी या रकान्यात काहीतरी सांगून जाते. निकालातला गोंधळ त्यात नसतो, म्हणून शेकडाभर नोंदींतही कल दिसू लागतो.

मात्र रकाना नीट वाचावा लागतो. समजा, तुम्ही शंभराला चारशे भाव घेतला आणि शर्यत सुटताना तो तीनशेवर आला. जिंकल्यावर तुमच्या हाती मुद्दलासह पाचशे, उशिरा आलेल्याच्या हाती चारशे. पंचवीस टक्के सरशी वाटते, पण त्या शेवटच्या भावात बुकीचा वाटा दडलेला आहे. मुद्दलासह चारशे म्हणजे २५ टक्के संधी. तशीच शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांची शेवटच्या भावावरून संधी काढून बेरीज करा. ती १०० येत नाही. समजा १२० आली. मग तुमच्या घोड्याची खरी संधी २५ भागिले १.२, म्हणजे सुमारे २०.८ टक्के, आणि न्याय्य परतावा शंभराला ४८०. तुम्ही पाचशेचा घेतला होता. पंचवीस टक्क्यांतून उरले चारच टक्के. म्हणून केवळ आपल्या घोड्याचा नव्हे, सगळ्यांचा शेवटचा भाव टिपायचा.

नोंद बाजी लावताक्षणी करा. दिवस संपल्यावर आठवणीतून लिहिलेला भाव नेहमी आपल्या सोयीचा निघतो. हरलेल्या बाज्या गाळू नका. आणि ज्या शर्यतीत पैसाच थोडा फिरतो, तिथे तुमच्याच बाजीने भाव खाली आला असेल, तर ते कौशल्य नाही. तिथे शेवटचा भावही फारसा जाणता नसतो.

माझ्या मित्राचा दुसरा रकाना पुढच्या हंगामात भरला. तो पहिलाच भाव पाहून घाईने खेळत असे, आणि शर्यत सुटेपर्यंत त्याच्या बहुतेक घोड्यांचे भाव वाढलेले असत. बुकीचा वाटा वजा करायची गरजच उरली नाही. हंगाम अर्धा सरण्याआधीच मी त्याला थांब म्हटलं. तो थांबला नाही. आधीचा नफा गेला, वर पदरचे पैसे गेले. जमीन तेवढी वाचली. हरला म्हणून त्याची पारख खोटी ठरली असं मी म्हणणार नाही, तेही निकालावरून बोलणं झालं. ती खोटी होती हे रकान्याने निकालांच्या आधीच सांगितलं होतं.

ज्यांचा रकाना चांगला निघेल त्यांनाही एक सांगायचं आहे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केलं. पण वरचं सगळं गणित कराआधीचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाजीच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. शंभराच्या बाजीला चाळीस रुपये कर धरला, तर चार टक्क्यांची खरी सरशी असलेल्या माणसाच्या १४० रुपयांमागे सरासरी १०४ परत येतात. मोबाईलवर पैशांचे खेळ चालवायला तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आहे. पारख तपासायची हौस असेल, तर दोन्ही रकाने कागदावर भरा आणि पैसे खिशातच ठेवा.