एकच ब्लाउज शूट करा, दुसरा रंग फोटोत बदला: जरी आणि टिकल्या खराब न करता

आज जरा बारीक कामाचा विषय घेतोय. व्हिडिओत मी हे भराभर करून दाखवलंय, पण खूप जणांनी सांगितलं की "सर, पॉज करून करून कंटाळा आला, लिहून द्या." म्हणून हे लिहून देतोय. समोर कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल तर वाचता वाचता करून बघा. मोबाइलवर बोटाने हे काम नीट होत नाही, आधीच सांगतो.

बॅचमधल्या एक ताई घरी आरी वर्कचे ब्लाउज करतात. कापड रविवार पेठेतून आणायचं, हातशिलाईचं काम स्वतः करायचं, आणि फोटो व्हॉट्सॲपवर टाकून ऑर्डर घ्यायची. त्यांच्याकडे राणी कलरमध्ये एक सॅम्पल तयार होतं: गळ्याला आणि बाहीला सोनेरी जरी, मधे मधे सोनेरी टिकल्या. गिऱ्हाईक विचारायचं, "बॉटल ग्रीनमध्ये मिळेल का?" दुसरं सॅम्पल भरायचं म्हणजे तीन-चार दिवस जाणार आणि सामानाचे पैसे अडकणार. म्हणून त्यांनी मोबाइलच्या एका ॲपमध्ये रंग बदलून फोटो पाठवला. कापड हिरवं झालं, पण जरीसुद्धा निळसर झाली, टिकल्यांची चमक गेली आणि प्रत्येक टाक्याभोवती गुलाबी कड राहिली. गिऱ्हाईक म्हणालं, "हे प्रिंटेड आहे का?" हाताने भरलेल्या कामाला प्रिंट म्हटल्यावर किंमत कुठली मिळणार!

असं का झालं ते आधी समजून घ्या. ॲपने फोटोतला प्रत्येक रंग एकाच मापाने सरकवला. राणीचा हिरवा झाला, तसा सोनेरीचाही निळा झाला. आपल्याला फक्त कापड बदलायचंय. त्यातही कापडाचा रंग तेवढा बदलायचाय. चुण्या, सावली, विणीचा पोत हे सगळं म्हणजे उजेड-अंधार आहे, आणि तो जसाच्या तसा राहायला हवा. सगळी युक्ती एवढीच: रंग वेगळा, उजेड वेगळा.

सुरुवात फोटोपासून. खिडकीजवळ, उजेड एका बाजूने येईल असा ब्लाउज ठेवा. बाजूच्या उजेडात टिकल्या चमकतात आणि जरीचा उठाव दिसतो. समोरून फ्लॅश मारला की टिकल्यांच्या जागी पांढरे डाग उरतात आणि त्यातून परत काही काढता येत नाही. ब्लाउज पुतळ्यावर किंवा सपाट ठेवा, अंगावर घालून नको. राणी रंगाच्या जवळचा रंग ओठांत आणि त्वचेतही असतो, मग तेही निवडीत येतात.

कोणत्या रंगाचं सॅम्पल शूट करायचं हेही महत्त्वाचं. सोनेरी जरीच्या जवळचा रंग, म्हणजे मोहरी, केशरी किंवा पिवळा, घेऊ नका. कॉम्प्युटरला कापड कुठे संपतं आणि जरी कुठे सुरू होते हे कळतच नाही. राणी, रॉयल ब्लू, जांभळा हे बरे. काळा आणि पांढराही टाळा. काळ्यात पोत बुडालेला असतो, पांढऱ्यात चुण्या उडालेल्या असतात.

आता फोटो कॉम्प्युटरवर घ्या. ब्राउझरमध्ये photopea.com उघडा. फुकट आहे, फोटोशॉपसारखंच चालतं आणि फोटो तुमच्याच मशीनवर राहतो. फोटो उघडला की सगळ्यात आधी Image > Image Size मध्ये जाऊन तो निम्मा करा. ४००० पिक्सेल रुंद असेल तर २०००. इथे लोक विचारतात, "सर, लहान केला तर क्वालिटी जाईल ना?" उलट आहे. मोबाइल फोटो JPEG मध्ये साठवताना उजेड पूर्ण बारकाईने ठेवतो, पण रंग बहुतेक वेळा निम्म्याच बारकाईने. म्हणजे चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एकच रंग. जरीचा टाका बारीक असतो, त्यामुळे त्याच्या कडेला शेजारच्या कापडाचा गुलाबी मिसळलेला असतो. ताईंच्या फोटोतली गुलाबी कड मुख्यतः तिथूनच आली होती. फोटो निम्मा केला की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो आणि कड खूप कमी होते. व्हॉट्सॲपला २००० पिक्सेल भरपूर झाले.

पुढे कापड निवडायचं. Select > Color Range उघडा आणि कापडावर क्लिक करा. Fuzziness ४० च्या आसपास ठेवून सुरू करा. प्रिव्ह्यूमध्ये कापड पांढरं आणि जरी काळी दिसायला हवी. चुणीतलं गडद कापड सुटलं असेल तर आकडा थोडा वाढवा. जरी राखाडी व्हायला लागली की समजा जास्त झालं, मागे या. जरीच्या दोन टाक्यांमधली फट निवडीत आली तर घाबरू नका. तिथून खालचं कापडच दिसतं, ते बदलायलाच हवं. फटी जुन्या रंगाच्या राहिल्या तर काम चिकटवल्यासारखं दिसतं.

निवड झाली की Select > Modify > Expand मध्ये १ पिक्सेल द्या, म्हणजे उरलीसुरली गुलाबी कडही आत येईल. दोन देऊ नका, टाकेच खाल्ले जातील.

आता Layer > New Fill Layer > Color Fill. रंग बॉटल ग्रीन, समजा #0F4D3A. लेयर आपोआप फक्त निवडलेल्या भागावर बसेल. आत्ता तो सपाट हिरव्या कागदासारखा दिसेल. मग लेयरचा मोड Normal वरून Color करा. चुण्या, सावल्या, पोत सगळं परत येतं. Color मोडचा अर्थच असा: रंग माझा, उजेड-अंधार खालच्या फोटोचा. त्यामुळे पांढरी चकाकी पांढरीच राहते.

पण इथे एक गोष्ट खटकेल. तुम्ही गडद हिरवा दिला होता आणि दिसतोय मात्र फिकट, पोपटाला सावलीत बसवल्यासारखा. कारण उजेड अजून राणीचाच आहे आणि राणी हा बॉटल ग्रीनपेक्षा उजळ रंग आहे. रंग बदला, कितीही गडद घ्या, फरक पडणार नाही. इथेच बरेच जण "हे सॉफ्टवेअरच फालतू" म्हणून सोडून देतात.

उपाय असा. Ctrl धरून त्या लेयरच्या मास्कवर क्लिक करा, म्हणजे कापडाची निवड परत येईल. मग Layer > New Adjustment Layer > Curves. हा लेयर सगळ्यात वर हवा. रेषेवर १०० च्या जागी एक बिंदू घ्या आणि तो खाली ७५ च्या आसपास आणा. दुसरा बिंदू २०० वर घेऊन तो २०० लाच ठेवा. पहिल्या बिंदूने कापड गडद होतं, दुसऱ्याने चमकणारे भाग जागेवर राहतात. दुसरा बिंदू घेतला नाही तर सगळंच विझल्यासारखं होतं. आकडे आमच्या फोटोचे आहेत, तुमच्यात थोडे इकडेतिकडे करावे लागतील.

आता टिकल्या. टिकली म्हणजे छोटा आरसाच. सोनेरी असली तरी तिच्या कडेत शेजारच्या कापडाचा गुलाबी उतरलेला असतो. हिरव्या ब्लाउजवर गुलाबी झाक असलेली टिकली दिसली की बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खोटं वाटतं. त्यासाठी नवा रिकामा लेयर घ्या, मोड Color, आणि बारीक ब्रश. Alt धरून टिकलीच्या स्वच्छ सोनेरी भागावर क्लिक केलं की तो रंग ब्रशला लागतो. ब्रशची Opacity ४० टक्के ठेवा आणि गुलाबी झाकेवर एक-दोनदा फिरवा. सगळ्या टिकल्या करत बसू नका. गळ्याजवळच्या आणि समोर दिसणाऱ्या केल्या की भागतं. ताईंना वीस मिनिटं लागली.

तपासणी कशी करायची? झूम १०० टक्के करा आणि गळ्याची कड, बाहीची पट्टी आणि एखादा सुटा बुट्टा अशा तीन जागा बघा. Color Fill आणि Curves या दोन्ही लेयरचे डोळे बंद-चालू करा. कापड बदललं पाहिजे आणि जरी स्थिर राहिली पाहिजे. जरी लुकलुकली तर तिथला मास्क काळ्या ब्रशने झाकून घ्या. आणि शेवटी Sharpen मारायचा मोह टाळा. टिकल्यांभोवती पांढऱ्या रेघा येतात.

आता मुद्द्याचं. हिरवा कोणता घ्यायचा? स्क्रीनवर छान दिसतो तो नाही, तुमच्या कपाटातल्या कापडाचा घ्या. ब्लाउज शूट करता त्याच खिडकीत, त्याच वेळी त्या हिरव्या कापडाचा तुकडाही पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढा आणि रंग त्यातूनच उचला. कापड हातात नसेल तर तो रंग दाखवूच नका. तयार फोटो दोन वेगळ्या मोबाइलवर, तुकडा शेजारी धरून बघा. मार्केटप्लेसवर विकत असाल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. आणि मापाने शिवलेला, भरलेला ब्लाउज परत आला तर तो दुसऱ्या कोणाला बसतही नाही.

काही ब्लाउजना मात्र हे करायचंच नाही. धूपछाव कापडात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. आपल्या पद्धतीने तो सपाट होतो. पैठणीचे बरेच ब्लाउज यात येतात. इंद्रधनुषी टिकल्यांचंही तसंच, त्या खालच्या कापडाप्रमाणे वेगवेगळा रंग दाखवतात. आणि राणीवरून लिंबू पिवळा करायला जाऊ नका. गडद भाग ओढून उजळ केला की कापड दाणेदार दिसतं. मध्यम रंगावरून गडदाकडे जायचं, उलट नाही. नेव्ही ब्लू, वाइन, बॉटल ग्रीन हे तिन्ही त्या एकाच राणी फोटोतून नीट निघाले. लेमनसाठी ताईंनी अर्ध्या बाहीचा छोटा नमुना भरला आणि त्याचाच फोटो टाकला.

फोटो पाठवताना File > Export As > JPG, क्वालिटी ९० च्या वर, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक टाके तिथेच पुसले जातात. खाली एक ओळ लिहा: "रंग फोटोत बदलून दाखवला आहे, कापडाचा तुकडा मागितल्यास पाठवू." ताईंनी ही ओळ लिहिल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकाने तुकडा मागितला आणि तो बघून ऑर्डर दिली.